तांब्याच्या बाटलीत रात्रभर ठेवलेलं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तांब्याच्या भांड्यातलं पाणी आपल्या घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या प्यायलं जातं. पूर्वी त्यासाठी हंडा, कळशी किंवा तांब्या असायचा, आता त्यांची जागा फिरकीच्या झाकणाच्या बाटलीने घेतली आहे. भांड्याचा आकार बदलला, पाणी बदललं आणि भांडं घासायची पद्धतही बदलली. त्यामुळे जुन्या सवयी जशाच्या तशा नव्या बाटलीला लावता येत नाहीत. पुढचे प्रश्न याच गोंधळातून येतात.

रात्रभर ठेवलेल्या पाण्यात खरंच तांबं उतरतं का? किती?

उतरतं, पण साधं पाणी असेल तर फार थोडं. बेंगळुरूच्या एका संशोधन गटाने २०१२ मध्ये याचा नीट अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी तांब्याच्या भांड्यात पाणी १६ तास ठेवलं आणि मग त्यातलं तांबं मोजलं. लिटरमागे सुमारे ०.१८ मिलिग्रॅम निघालं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सांगितलेली मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅम आहे. म्हणजे ते पाणी मर्यादेच्या दहाव्या हिश्शाच्याही आत होतं.

मात्र हा आकडा प्रत्येक घरातल्या प्रत्येक बाटलीला लागू आहे असं धरून चालू नका. त्या प्रयोगातलं पाणी किंचित अल्कधर्मी होतं, त्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ७.८ च्या आसपास होता, आणि भांडं रुंद होतं. पीएच सातच्या जितका खाली, तितकं पाणी आम्ल. पाणी जितकं आम्ल, जितकं गरम आणि जितका वेळ भांड्यात, तितकं तांबं जास्त सुटतं. भांड्याच्या आकाराचाही हिशोब असतो, आणि तो सहसा कुणी करत नाही.

हंडा आणि बाटली यांत असा काय फरक पडतो?

आपणच करून पाहू. एक लिटरची बाटली घ्या, आतून साधारण ७ सेंटीमीटर व्यासाची आणि २६ सेंटीमीटर उंचीची. तिच्या आतल्या भिंतीचं आणि तळाचं मिळून क्षेत्रफळ सुमारे ६१० चौरस सेंटीमीटर भरतं. म्हणजे एका लिटर पाण्याला ६१० चौरस सेंटीमीटर तांबं लागलेलं असतं.

आता ३० सेंटीमीटर व्यासाचा गोल हंडा घ्या. त्यात साधारण १४ लिटर पाणी मावतं आणि आतलं क्षेत्रफळ सुमारे २८०० चौरस सेंटीमीटर असतं. लिटरमागे वाटणी केली तर २०० चौरस सेंटीमीटर येतात. तेच पाणी, तीच रात्र, पण बाटलीतल्या प्रत्येक लिटरला हंड्याच्या तिप्पट तांबं भिडतं. बारीक, उंच बाटलीत हा फरक आणखी वाढतो.

पाण्यात उतरणारं तांबंही बरोबर तिप्पट होईल असं नाही, कारण आतल्या थराची अवस्था आणि पाण्याचा प्रकार यांचाही त्यात वाटा असतो. पण ‘आजी हंड्यातलं पाणी प्यायची, तिला काही झालं नाही’ हा दाखला बाटलीला पुरेसा का नाही, ते यावरून कळतं. शिवाय हंड्यातलं पाणी घरातली सगळी माणसं दिवसभरात संपवायची आणि हंडा रोज रिकामा होऊन विसळला जायचा. बाटली मात्र ऑफिसच्या टेबलावर अर्धी भरलेली दोन-दोन दिवस पडून राहते.

मग किती तांबं म्हणजे जास्त?

तांबं शरीराला लागतंच. मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण ०.९ मिलिग्रॅम धरली जाते आणि ती डाळी, तीळ, शेंगदाणे, काजू, धान्यं यांतून बहुतेकांची सहज भागते. त्यामुळे ‘तांबं मिळावं म्हणून’ बाटलीतलं पाणी प्यायची गरज कुणाला क्वचितच असते.

वरच्या टोकाला अमेरिकेत मोठ्या माणसासाठी दिवसाला १० मिलिग्रॅमची मर्यादा मानतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने अलीकडे बरीच कडक मर्यादा सांगितली आहे. त्यांच्या मते वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.०७ मिलिग्रॅमपर्यंत ठीक. ६० किलोच्या माणसाला हे ४.२ मिलिग्रॅम होतात. मी हिशोबाला हीच कडक मर्यादा घेते.

समजा जेवणातून १.५ मिलिग्रॅम तांबं येतं. उरले २.७. बाटलीतलं पाणी त्या बेंगळुरूच्या प्रयोगासारखं असेल, तर एक लिटरने ०.१८ मिलिग्रॅमची भर पडेल. हे काहीच नाही. पण पाणी थोडं आम्ल आहे, बाटली नवी आहे आणि तांबं लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत पोचलं आहे असं धरा. एक लिटर प्यायलात तर २ मिलिग्रॅमची भर, तरी मर्यादेच्या आत. तेच पाणी दिवसभर दोन लिटर प्यायलात तर ४ मिलिग्रॅमची भर आणि जेवणासकट एकूण ५.५. मर्यादा ओलांडली, आणि पाण्याला तोवर चवही लागलेली नसेल.

माझा सल्ला याच हिशोबावर उभा आहे: रात्री भरलेलं पाणी सकाळी एक-दोन पेले प्या आणि दिवसभराचं बाकीचं पाणी स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यातलं घ्या.

भारतीय मानक ब्युरोचं पिण्याच्या पाण्याचं मानक, आयएस १०५००, यात दोन आकडे दिसतात म्हणून काही वाचक घाबरून विचारतात. त्यात स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालतं असं म्हटलं आहे. खालचा आकडा मुख्यतः पाण्याची चव, रंग आणि नळजोडांची झीज लक्षात घेऊन ठेवलेला आहे. रात्रभराचं पाणी ०.०५ च्या वर जाईलच. तब्येतीसाठी १.५ आणि २ हे आकडे लक्षात ठेवा.

आमच्याकडे आरओचं पाणी आहे. ते बाटलीत भरलं तर चालेल?

चालेल, पण जपून. आरओच्या पाण्यातले क्षार निघून गेलेले असतात आणि त्याचा पीएच बहुतेक वेळा सातच्या खाली उतरलेला असतो. अशा पाण्यात आम्लता झेलायला काही उरत नाही, त्यामुळे ते धातूला जास्त लागतं. विहिरीचं किंवा बोअरचं कठीण पाणी तांब्यावर क्षारांचा पातळ थर चढवतं. तो दिसायला वाईट, पण तांबं सुटणं कमी करतो. आरओच्या पाण्यात हे घडत नाही.

आरओचं पाणी भरणार असाल तर रात्री झोपताना भरा, सकाळी प्या, उरलेलं ओतून द्या. दोन दिवस तसंच ठेवू नका. आणि पाणी उकळून गरमच बाटलीत ओतू नका. आधी पूर्ण थंड होऊ द्या.

रात्री पाण्यात लिंबाची फोड टाकून ठेवली तर दुहेरी फायदा नाही का होणार?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि याचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

तांब्याच्या आत जो तपकिरी थर असतो तो तांब्याच्या ऑक्साइडचा. साध्या पाण्यात तो जवळपास जागच्या जागी राहतो आणि खालच्या धातूला झाकून ठेवतो. लिंबातलं सायट्रिक आम्ल आधी तो थरच विरघळवतं. मग उघड्या पडलेल्या धातूवर पाण्यातल्या ऑक्सिजनचा परिणाम होऊन नवा थर बनतो, आम्ल तोही विरघळवतं आणि हे चक्र रात्रभर चालू राहतं. त्यात भर म्हणजे सायट्रिक आम्ल सुटलेल्या तांब्याला धरून ठेवतं, त्याला परत खाली बसू देत नाही. ज्या गुणामुळे लिंबू भांडं चकचकीत करतं, त्याच गुणामुळे लिंबूपाणी तांब्याचं पाणी होऊन बसतं. बाटली चकाकते ती तुमच्या पोटात गेलेल्या तांब्याच्या बदल्यात.

आपल्या घरातल्या बायकांना हे रसायनशास्त्राशिवाय माहीत होतं. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून आंबट पदार्थ कल्हईच्या भांड्यात किंवा दगडीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमावलीतही हेच आहे: ज्या पदार्थाचा पीएच सहाच्या खाली आहे तो तांब्याला लागू द्यायचा नाही. लिंबाच्या रसाचा पीएच दोन ते अडीच असतो.

त्यामुळे लिंबू सरबत, कोकम सरबत, पन्हं, जलजिरा, ताक, फळांचे रस, व्हिनेगर घातलेलं पाणी, सोडा यांतलं काहीही तांब्याच्या बाटलीत नको. अर्धा तासही नको. ओआरएसचं पाणीसुद्धा नको, कारण त्यात सायट्रेट आणि मीठ दोन्ही असतात. आधीच जुलाब-उलट्या होणाऱ्या माणसाच्या पोटात जादा तांबं गेलं तर ते उलटी आणखी वाढवेल. दूध, चहा आणि कॉफीही नको. दुधाचं कारण वेगळं आहे, ते पुढे येतंच आहे.

सकाळी लिंबूपाणी प्यायचं असेल तर पाणी आधी काचेच्या पेल्यात ओतून घ्या आणि लिंबू पेल्यात पिळा.

तांब्यात जंतू मरतात. मग फिल्टर किंवा उकळणं सोडून दिलं तर?

सोडू नका. बेंगळुरूच्या त्याच प्रयोगात पटकी, विषमज्वर आणि हगवण यांचे जिवाणू पाण्यात मुद्दाम मिसळले होते आणि १६ तासांनी एकही जिवंत सापडला नाही, हे खरं आहे. पण तिथे १६ तास होते. आपण रात्री दहाला भरतो आणि सकाळी सहाला पितो, म्हणजे बरोबर निम्मा वेळ. शिवाय गढूळ पाण्यातली माती आणि सेंद्रिय घाण तांब्याला धरून ठेवते, मग जंतूंसाठी फारसं उरत नाही. नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक यांवर तर तांब्याचा काहीच उपाय चालत नाही.

आधी पाणी गाळून, उकळून किंवा क्लोरिनने शुद्ध करा, निववा, मग तांब्यात ठेवा. शुद्ध केलेलं पाणी साठवताना परत दूषित होतं तेव्हा तांब्याचा खरा उपयोग होतो.

लहान बाळाला तांब्यातलं पाणी किंवा त्यात कालवलेलं दूध द्यावं का?

एक वर्षाखालच्या बाळाला अजिबात देऊ नये. बाळाच्या यकृतात जन्मतःच तांब्याचा मोठा साठा असतो आणि नको असलेलं तांबं पित्तावाटे बाहेर टाकायची क्षमता अजून पुरती तयार झालेली नसते. मोठ्या माणसाला जे सहज पचतं, ते बाळाच्या यकृतात साठत जातं.

याची एक मोठी आणि दुःखद हकीकत आपल्याच भागात घडलेली आहे. विसाव्या शतकात भारतात लहान मुलांमध्ये यकृताचा एक जीवघेणा आजार आढळायचा. त्याला ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस’ असं नाव होतं. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची मुलं, पोट फुगलेलं, यकृत दगडासारखं घट्ट, आणि बहुतेक मुलं वाचत नसत. या मुलांच्या यकृतात तांब्याचं प्रमाण प्रचंड असल्याचं लक्षात आलं. मग ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी या मुलांना लहानपणी काय पाजलं होतं याची बारकाईने चौकशी केली. १९८३ मध्ये त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. आजारी मुलांना फार लवकर वरचं दूध सुरू केलेलं होतं आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलेलं किंवा ठेवलेलं होतं.

पितळेत बहुतांश तांबंच असतं. आणि दुधातली प्रथिनं तांब्याला पकडून घेतात, त्यामुळे दूध आंबट नसलं तरी त्यात तांबं उतरत जातं. घराघरांतली पितळी पातेली जाऊन स्टील आलं तसा हा आजार जवळपास नाहीसा झाला. त्या सर्व घरांतली सगळीच मुलं आजारी पडली नव्हती, त्यामुळे काही मुलांमध्ये जन्मजात कमजोरीही असावी असं मानलं जातं. पण आपल्या बाळात ती आहे की नाही हे आधी कळायला मार्ग नसतो.

हे फक्त भारतातच झालं असंही नाही. ऑस्ट्रियातल्या टिरोल या डोंगराळ भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळांना असाच आजार झाल्याची नोंद आहे. तिथेही कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यातलं गाईचं दूध हेच कारण निघालं आणि भांडी बदलल्यावर आजार थांबला.

तेव्हा ‘बाळाला थोडं तांब्यातलं पाणी पाजा, पचन सुधारेल’ असं घरातल्या मोठ्यांनी सांगितलं, तर त्यांचा मान राखून पण ठामपणे नाही म्हणा. बाळाच्या पावडरच्या दुधात हे पाणी वापरू नका आणि चांदीच्या वाटी-चमच्याऐवजी तांब्याचा संच भेट आला असेल तर तो देव्हाऱ्यात ठेवा. शाळकरी मुलांना साधं पाणी अधूनमधून चालेल, पण रोजच्या डब्याबरोबर तांब्याची बाटली देऊ नये असं मला वाटतं. मुलं त्यात सरबत भरून घेतात आणि उरलेलं पाणी दोन दिवस तसंच राहतं.

आणखी कुणी टाळावं?

विल्सनचा आजार असलेल्यांनी पूर्णपणे. या आनुवंशिक आजारात शरीर जादा तांबं बाहेर टाकू शकत नाही आणि ते यकृतात, मेंदूत आणि डोळ्यांत साठतं. साधारण ३०,००० जणांत एकाला तो असतो. घरात सख्ख्या भावंडाला हा आजार निघाला असेल तर स्वतःची तपासणी होईपर्यंत तुम्हीही टाळा. पित्तमार्गाचा किंवा यकृताचा जुना आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.

बाटली चिंचेने घासावी की लिंबाने?

बाहेरून चिंच, आतून लिंबू. दोन्हींतलं आम्ल वेगळं असलं तरी काम तेच करतं: चिंचेत मुख्यतः टार्टारिक आम्ल, लिंबात सायट्रिक. फरक पडतो तो चोथ्याने. हंड्याच्या आत हात जातो, तिथे चिंचेचा गोळा घेऊन मस्त घासता येतं. बाटलीच्या अरुंद गळ्यातून आत गेलेला चिंचेचा धागा खांद्याच्या वळणावर चिकटून बसतो, ओला राहतो आणि तिथेच हिरवं धरतं. चिंचच वापरायची असेल तर लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, कोळ काढा आणि फडक्यातून गाळूनच आत घाला. कोकणात आमसुलं भिजवून त्याच पाण्याने घासतात, तेही चालतं.

आतली स्वच्छता अशी करा. एका लिंबाचा रस, एक चमचा बारीक मीठ आणि एक कप कोमट पाणी बाटलीत घाला. झाकण लावून दोन ते तीन मिनिटं गोल-गोल फिरवत हलवा, बाटली आडवी-उभी करा म्हणजे खांद्यापर्यंत पोचेल. नायलॉनच्या लांब ब्रशने तळ आणि गळा घासा. मग ते पाणी पांढऱ्या वाटीत ओतून पाहा. त्याला हिरवट-निळसर झाक आलेली दिसेल. ते विरघळलेलं तांबं आहे. हे पाणी चाखू नका आणि माशांच्या टाकीच्या आसपासही ओतू नका, कारण माशांना तांबं फार थोड्या प्रमाणातही बाधतं.

त्यानंतर बाटली चार-पाच वेळा पूर्ण भरून, हलवून रिकामी करा. झाकण उघडून आतली रबराची चकती काढा आणि झाकणाची आटी वेगळी धुवा. आंबटपणा तिथेच दडून राहतो आणि बहुतेक वेळा हिरवं पहिल्यांदा आटीवरच दिसतं. बाटली उलटी करून पूर्ण सुकू द्या.

आम्ल लावलेली बाटली रात्रभर तशीच भिजत ठेवायची नाही. काम दोन-तीन मिनिटांत होतं. त्यापुढे डाग जात नाहीत, धातू जातो.

नुकतंच घासलेलं तांबं उघडं असतं आणि पहिल्या भरण्यात जास्त सुटतं. म्हणून स्वच्छ केल्यावर एकदा पाणी भरून रात्रभर ठेवा, ते सकाळी ओतून द्या आणि दुसऱ्या दिवसापासून प्या. नव्या बाटलीलाही हेच करा, फक्त दोन-तीन दिवस. नव्या बाटलीत कारखान्यातल्या पॉलिशचा तेलकट अंशही असतो. तो आधी भांड्याच्या साबणाने धुवा, मग लिंबू.

बाटली आतून लखलखीत गुलाबी दिसली पाहिजे का?

नाही. तपकिरी, तांबूस किंवा काळसर झालेला आतला भाग खराब झालेला नसतो. तोच थर धातूला सांभाळतो. दर दोन दिवसांनी लिंबाने घासून आत चकचकीत ठेवणारे लोक रोज नवं, उघडं तांबं पाण्याला देतात. रोज साध्या पाण्याने विसळा आणि उलटी ठेवा, एवढं पुरतं. लिंबू महिन्यातून एकदा किंवा हिरवं दिसेल तेव्हा.

हिरवी किंवा निळसर भुकटी मात्र खपवून घ्यायची नाही. ते तांब्याचे क्षार असतात, थोड्या आंबटात लगेच विरघळतात. मोबाइलचा दिवा बाटलीत सोडून पाहा. तळाची कड, खांदा आणि गळ्याची आटी या तीन जागा तपासा. दिसलं तर वरच्या पद्धतीने साफ करा आणि दोनदा करूनही गेलं नाही तर ती बाटली फुलं ठेवायला वापरा. कोरडी न करता झाकण घट्ट लावून कपाटात ठेवलेली बाटली हमखास हिरवी होते. गावाला जाताना ती उघडी आणि उलटी ठेवा.

बाहेरून बाटली चमकवायची असेल तर हवी तितक्या वेळा करा. पण काही बाटल्यांवर बाहेरून पारदर्शक लॅकर मारलेलं असतं किंवा चित्रं छापलेली असतात. अशा बाटलीवर चिंच कामाची नाही आणि घासल्याने थर सुटून डागाळतो. मऊ साबण आणि फडकं पुरे. तारेची घासणी कुठल्याच बाटलीला नको. तिने पडलेल्या चरांत मळ आणि ओल राहते.

माळ्यावरचा आजीचा हंडा काढून वापरायचा आहे. चालेल?

आधी दोन गोष्टी पाहा. आतून कल्हई केलेली असेल तर पाण्याला लागतं ते कथील, तांबं नव्हे. कल्हई चांगल्या कथलाची आहे की त्यात शिसं मिसळलं होतं हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून जुनी कल्हई असेल तर विश्वासातल्या कल्हईवाल्याकडून शुद्ध कथलाची नवी करून घ्या किंवा तो हंडा पिण्याच्या पाण्याला वापरू नका.

दुसरी गोष्ट डाक. फुटलेल्या किंवा गळणाऱ्या हंड्याला डाक दिलेला असतो, तळाशी किंवा कडेला करड्या रंगाचा जाड ठिपका किंवा रेघ दिसते. जुन्या डाकात शिसं असण्याची बरीच शक्यता असते. शिसं तांब्यापेक्षा कितीतरी घातक आहे. पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर ते नको. अशा हंड्याला लिंबू-चिंच लावली तर शिसंही सुटेल. डाक दिलेला हंडा पाणी पिण्यासाठी वापरू नका, मग तो कितीही प्रेमाचा असला तरी.

पाण्याला धातूची चव लागली किंवा प्यायल्यावर मळमळलं तर?

चव लागली की पाणी ओतून द्या. साधारण लिटरमागे अडीच मिलिग्रॅमच्या पुढे बहुतेकांना कडवट, तुरट चव कळते. म्हणजे चव लागली तर मर्यादा बहुधा ओलांडलेली आहे. चव लागली नाही म्हणून सगळं ठीक, असं मात्र उलटं म्हणता येत नाही.

रिकाम्या पोटी जास्त तांबं गेलं तर मळमळ, पोटात पिळवटणं, उलटी हे बहुधा तासाभरातच होतं आणि सहसा थोड्या वेळात ओसरतं. पाणी घोट-घोट प्या, बाटली बाजूला ठेवा. उलट्या थांबत नसतील, उलटीत किंवा शौचात रक्त दिसलं, डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली तर लगेच दवाखान्यात जा. लहान मुलाने घासायचं हिरवट पाणी किंवा तांब्यात राहिलेलं सरबत प्यायलं असेल तर लक्षणांची वाट न पाहता दवाखान्यात न्या. तिथे ‘तांब्याच्या बाटलीतलं आंबट पाणी’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर डॉक्टर साधी अन्नबाधा समजतील.

आमच्या बाटलीत नेमकं किती तांबं उतरतं हे कळेल का?

कळेल. एनएबीएल मान्यता असलेल्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत फक्त तांब्याची तपासणी करून मागा. दोन नमुने द्या. एक थेट त्याच पाण्याचा, जे तुम्ही बाटलीत भरता. दुसरा तेच पाणी रात्रभर बाटलीत राहिल्यानंतरचा. पहिला नमुना नसेल तर तांबं बाटलीतून आलं की इमारतीच्या नळांतून, हे कळणार नाही. रात्री किती वाजता भरलं आणि सकाळी किती वाजता काढलं ते लिहून ठेवा. नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या प्लास्टिकच्या बाटलीतच भरा, त्यात आधीच आम्ल घातलेलं असलं तर ती विसळू नका.

दुसऱ्या नमुन्याचा आकडा ०.५ च्या खाली आला तर निर्धास्त राहा. ०.५ ते १.५ च्या दरम्यान आला तर सकाळच्या एका पेल्यावर थांबा आणि आरओऐवजी साधं गाळलेलं, उकळून निववलेलं पाणी भरून पुन्हा तपासा. १.५ च्या वर गेला तर त्या पाण्यासाठी ती बाटली वापरणं बंद करा.